अवयवदानाच्या फलकावर कोणते शब्द लिहावेत?



३ ऑगस्ट हा भारतीय अवयवदान दिन. १९९४ साली या तारखेला दिल्लीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये मृत दात्याचे हृदय दुसऱ्या रुग्णाला बसविण्याची आपल्या देशातील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली. पूर्वी हा दिवस २७ नोव्हेंबरला पाळीत असत. २०२३ पासून तो ऑगस्टमध्ये आला. त्या निमित्ताने आपल्या युवक मंडळाने चर्चच्या आवारात नोंदणीचे टेबल मांडायचे ठरविले आहे आणि फलकांसाठी घोषवाक्ये मागविली आहेत. पेटीत चाळीसेक चिठ्ठ्या आल्या. त्या आम्ही युवकांबरोबर बसून वाचल्या. बहुतेकांमध्ये कळकळ होती. थोड्याच अशा होत्या की ज्या जशाच्या तशा फलकावर चढवता येतील. असे का झाले, हे सांगण्यासाठी हा लेख.

घोषवाक्य म्हणजे चार-सहा शब्द. परंतु अवयवदानाच्या बाबतीत हे चार-सहा शब्द कोण वाचणार, याचा विचार आधी करावा लागतो. रविवारच्या मिस्सेला आपल्या देवळात काही कुटुंबे अशी येतात की ज्यांचा माणूस गेल्या महिन्यात दफन झाला. एखादे घर असे असते की जिथे आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी रुग्णालयाची वारी आहे आणि मूत्रपिंडाची वाट पाहणे चालू आहे. आणि एखादे कुटुंब असे की ज्यांना अतिदक्षता विभागाबाहेर हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि ते 'नाही' म्हणाले होते. ही तिन्ही माणसे एकाच बाकावर बसून तोच फलक वाचणार. तिघांपैकी कोणालाही मान खाली घालावी लागू नये, ही आमची पहिली कसोटी.

ही कसोटी आम्ही मनाने काढलेली नाही. डोळ्यांच्या पारपटलाचे रोपण नुकतेच रुळू लागले होते त्या काळात, मे १९५६ मध्ये, पोप बारावे पायस यांनी या विषयावर भाषण केले. मृतदेहातून पारपटल घेण्यात मुळात गैर काही नाही, हे त्यांनी मान्य केले. पण त्याच भाषणात त्यांनी असेही सुचविले की संबंधितांची संमती असावी आणि प्रचार करताना समंजस संयम राखावा, नाहीतर माणसांच्या मनात आणि घराघरांत गंभीर संघर्ष उभे राहतात. प्रत्यारोपणाचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. तरीही प्रचाराच्या भाषेकडे त्यांचे लक्ष गेले, याचे आम्हाला आजही आश्चर्य वाटते.

आता एक चिठ्ठी उदाहरणादाखल घेऊ. लिहिणाऱ्याने नाव घातलेले नव्हते, आणि हेतू तर निर्मळच आहे. तिच्यात लिहिले होते: 'मृत्यूनंतर पुरू नका, जाळू नका, अवयव द्या, आठ जणांना जगवा!' ऐकायला ठसकेबाज आहे. मोर्च्यात चालेल. पण एकेक शब्द तपासून पाहू या.

'पुरू नका' हे शब्द वस्तुस्थितीला धरून नाहीत. अवयवदान झाल्यावर शस्त्रक्रियेची जखम नीट शिवून देह कुटुंबाच्या स्वाधीन केला जातो. त्यानंतर मिस्सा होते, दफनविधी होतो, सर्व नेहमीप्रमाणे. देह परत मिळत नाही तो देहदानात, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाला शिकवणीसाठी संपूर्ण देह दिला जातो तेव्हा. मराठीत नेत्रदान, अवयवदान आणि देहदान हे तीन शब्द एकाच दमात घेतले जातात, आणि त्यामुळे पुष्कळ ज्येष्ठांना असे वाटते की अर्ज भरला म्हणजे आपले दफनच होणार नाही. ही भीती खोटी आहे, पण अशी घोषवाक्येच ती निर्माण करतात. शिवाय 'माती होणारच आहे तर देऊन टाका' या सुराची आणखी चार वाक्ये पेटीत होती. आपण देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर मानतो आणि धूप देऊन, पवित्र पाणी शिंपडून निरोप देतो. ज्याला आपण असा निरोप देतो, त्याला टाकाऊ ठरवून दान मागू नये. दान चांगले ठरते ते देह मोलाचा आहे म्हणूनच.

'मृत्यूनंतर' हा शब्द निरुपद्रवी दिसतो, पण सर्वात मोठा घोटाळा तोच करतो. घरी किंवा वॉर्डात हृदय बंद पडून मृत्यू आला, तर आपल्याकडे साधारणपणे मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचे दान होऊ शकत नाही. रक्तपुरवठा थांबला की हे अवयव झपाट्याने निकामी होतात. अशा वेळी नेत्रदान होऊ शकते, आणि जिथे सोय आहे तिथे त्वचादानही. मोठे अवयव देता येतात ते मेंदूकांडाचा मृत्यू झाला असेल तर, आणि तोही रुग्ण रुग्णालयात व्हेंटिलेटरवर असताना. डोक्याला जबर मार लागलेला असतो किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झालेला असतो. मेंदूच्या मुळाशी असलेला जो भाग श्वास चालवितो, तो कायमचा बंद पडतो. यंत्र फुप्फुसांत हवा भरत राहते, आणि हृदयाला ठोके देणारी स्वतःची व्यवस्था असल्यामुळे ते काही काळ चालू राहते. छाती वर-खाली होते, हात उबदार लागतो. पण माणूस गेलेला असतो.

बेशुद्धी किंवा कोमा म्हणजे हे नव्हे. कोमातील रुग्णाचे मेंदूकांड जिवंत असते आणि तो शुद्धीवर येऊ शकतो. हा फरक कोणा एका डॉक्टरच्या मतावर सोडलेला नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने तपासणी करून सही करायची असते. ती तपासणी दोनदा होते आणि दोहोंमध्ये किमान ६ तासांचे अंतर लागते. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील डॉक्टर या मंडळात नसतात. तपासणीत एक चाचणी अशी असते की शरीराला प्राणवायू पोहोचता ठेवून व्हेंटिलेटरचे श्वास थांबवितात, आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला तरी शरीर स्वतःहून श्वास घेण्याचा जराही प्रयत्न करते का, हे पाहतात. ऑगस्ट २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल रोममध्ये प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या जागतिक परिषदेपुढे बोलले, तेव्हा मेंदूचे कार्य पूर्णपणे आणि कायमचे थांबल्याची खात्री काटेकोरपणे केली असेल, तर या निकषाचा माणसाविषयीच्या योग्य समजुतीशी विरोध नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

म्हणून घोषवाक्य लिहिताना आधी ठरवावे, आपण कशाविषयी लिहितो आहोत? डोळ्यांविषयी असेल तर घरच्या मृत्यूचा संबंध येतो. अवयवांविषयी असेल तर रुग्णालयाचा. दोन्हींचे एकच वाक्य होत नाही.

'आठ जणांना' हा आकडा आता बहुतेक फलकांवर दिसतो. हृदय, दोन फुप्फुसे, यकृत, दोन मूत्रपिंडे, स्वादुपिंड आणि आतडे अशी ती बेरीज. बेरीज बरोबर आहे, पण प्रत्येक वेळी सगळे अवयव उपयोगी येतातच असे नाही. वय, आजार, संसर्ग, रक्तदाब किती वेळ खाली होता, यांवर ते अवलंबून असते. कधी दोन मूत्रपिंडेच घेता येतात. मग आठांचा फलक वाचलेल्या आईला वाटते, आपल्या मुलाचे दान कमी पडले. एका माणसाला डायलिसिसच्या यंत्रापासून सोडवणे हे कमी नव्हे. आकडा घालायचाच असेल तर सोबतच्या माहितीपत्रकात घालावा, फलकावर नको.

राहिले 'द्या' आणि 'जगवा'. ही आज्ञार्थी क्रियापदे. मराठी घोषवाक्याला आज्ञार्थाची सवयच आहे: झाडे लावा, पाणी वाचवा, हेल्मेट घाला. या गोष्टी सांगण्याचा नगरपालिकेला किंवा पोलिसांना अधिकार आहे, कारण त्या न केल्याने दुसऱ्याचे नुकसान होते. स्वतःचे किंवा आपल्या मृत माणसाचे अवयव देणे या जातीचे नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, २२९६ व्या परिच्छेदात, मृत्यूनंतरच्या अवयवदानाला उदात्त आणि पुण्यप्रद कृत्य म्हटले आहे आणि त्याला उत्तेजन द्यावे असेही सांगितले आहे. परंतु त्याच परिच्छेदात दात्याची किंवा त्याच्या वतीने बोलणाऱ्याची स्पष्ट संमती नसेल तर ते नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह नाही, असेही आहे. संमती हा केवळ कागदाचा भाग नाही. तिच्यामुळेच ते दान ठरते. धाक घालून, लाजवून किंवा टाळ्यांच्या भरात मिळविलेला होकार म्हणजे संमती नव्हे. तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक साधा भेद शिकविला होता: काही कृत्ये करणे चांगले असते, पण न करणे पाप नसते. अवयवदान या वर्गातले आहे. आज्ञार्थ हा भेद पुसून टाकतो.

मग क्रियापद कोणते वापरावे? युवकांशी बोलताना एक वाट सापडली. 'तुम्ही' सोडून 'मी'वर यावे. 'नेत्रदान करा' या ऐवजी 'माझे डोळे मी देणार आहे' असे लिहिले की वाचणाऱ्यावर बोट रोखले जात नाही. कोणीतरी आपले सांगतो आहे, आणि आपण ऐकतो आहोत. पटले तर मनात घोळवू, नाही तर पुढे जाऊ. अर्थात हे वाक्य खरे असले पाहिजे. ज्यांनी अर्ज भरलेला नाही त्यांनी असा फलक हातात धरू नये.

'प्रतिज्ञा' या शब्दाविषयीही थोडे सांगायला हवे, कारण जवळजवळ निम्म्या चिठ्ठ्यांत 'प्रतिज्ञा' किंवा 'शपथ' होती. आपल्या कानाला हे शब्द जड आहेत. विवाहात आपण वचन देतो, संन्यस्त बंधुभगिनी व्रते घेतात, आणि ती सहज मोडायची नसतात. अवयवदानाची नोंद मात्र कधीही मागे घेता येते, कारण विचारण्याची गरज नसते. 'शपथ' हा शब्द वाचून एखाद्या आजीला वाटले की एकदा सही केली की देवापुढे बांधले गेलो, तर ती सहीच करणार नाही. किंवा केली आणि नंतर मन बदलले तर मनाला उगाच टोचणी लागेल. म्हणून 'इच्छा' किंवा फार तर 'संकल्प' हे शब्द बरे. 'अवयवदानाची इच्छानोंद' हे नाव आम्ही टेबलासाठी सुचविले आहे. जरा सरकारी वाटते, हे कबूल. पण खोटे नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. समजा, आपल्या धर्मग्रामातील पन्नाशीच्या एका गृहस्थांनी टेबलावर येऊन अर्ज भरला, कार्ड पाकिटात ठेवले आणि घरी कोणाला काहीच सांगितले नाही. दोन वर्षांनी स्टेशनहून येताना मोटरसायकलला अपघात झाला. तीन दिवस अतिदक्षता विभागात गेले. चौथ्या दिवशी पहिली तपासणी, सहा तासांहून अधिक वेळाने दुसरी. डॉक्टर पत्नीला आणि मुलाला एका खोलीत बसवून सांगतात की मेंदूकांड मृत झाले आहे. मग प्रत्यारोपण समन्वयक येऊन अवयवदानाविषयी विचारतात. कायद्यात या प्रसंगी जवळच्या नातेवाइकाच्या संमतीचा वेगळा अर्ज आहे, आणि कुटुंबाने नको म्हटले तर दान होत नाही. पाकिटातले कार्ड कोणी पाहिलेलेच नाही. पाकीट पोलिसांकडे असेल किंवा हरवलेले असेल. पत्नी मुलाकडे पाहते, मुलगा काकांकडे. प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो: 'ते कधी काही बोलले नव्हते.' अशा वेळी 'नाही' म्हणणे स्वाभाविक आहे. ज्यांनी तसे म्हटले असेल त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्याच्या देहाविषयी अंदाजाने होकार देणे कोणाला जमेल?

त्याच खोलीत मुलाला जर आठवले असते, 'पप्पा एकदा जेवताना म्हणाले होते,' तर प्रश्न बदलला असता. मग कुटुंबाला निर्णय घ्यायचा नसतो. वडिलांनी घेतलेला निर्णय पोचता करायचा असतो. उत्तर कदाचित तेव्हाही 'नाही' येईल. पण अंधारात चाचपडणे तरी नसेल. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्याला द्यायचे नाही त्यानेही घरी तसे सांगून ठेवावे, म्हणजे त्या खोलीत घरच्यांना ठामपणे आणि अपराधी न वाटता नकार देता येतो.

म्हणून आमच्या मते या मोहिमेच्या घोषवाक्याने 'अवयव द्या' हे सांगण्याची गरजच नाही. त्याने 'घरी बोला' एवढे सांगितले की पुरे. कायद्यातील इच्छानोंदीचा अर्ज क्रमांक ७ पाहिला तर हीच जाण तिथे दिसते. त्या अर्जावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यांपैकी एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. म्हणजे अर्ज भरण्यासाठीच घरात एकदा तोंड उघडावे लागते. आता notto.abdm.gov.in या संकेतस्थळावर आधार क्रमांकाने मोबाइलवरच नोंद करता येते. सोय चांगली आहे, पण पाच मिनिटांत एकट्याने काम होते आणि बोलणे राहून जाते.

वरची चिठ्ठी आता पुन्हा हातात घेऊ. 'पुरू नका, जाळू नका' काढले. 'मृत्यूनंतर' काढले, कारण ते संदिग्ध आहे. 'आठ' काढले. आज्ञार्थ काढला. उरले काय? उरली ती लिहिणाऱ्याची इच्छा. युवकांनी पहिला प्रयत्न केला: 'मी अवयवदानाचा निर्णय घेतला आहे, तुम्ही कधी घेणार?' शेवटच्या तीन शब्दांत पुन्हा बोट रोखले गेले, ते खोडले. दुसरा प्रयत्न: 'माझा निर्णय मी घरी सांगितला आहे.' हे चांगले, पण कसला निर्णय ते कळेना. तिसऱ्या प्रयत्नात असे झाले:

'अवयवदानाविषयी माझी इच्छा काय आहे, हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे.'

यात 'होय' किंवा 'नाही' यांपैकी काहीच उघड केलेले नाही, हे पाहून एका युवकाने विचारले, 'फादर, मग हा अवयवदानाचा प्रचार कसा?' प्रश्न रास्त होता. आमचे उत्तर असे की ज्याच्या मनात आधीच देण्याचे आहे आणि जो केवळ न बोलल्यामुळे अडतो, त्याला हे वाक्य हलवील. ज्याच्या मनात नाही त्याला फलकाने वळवू नये. त्याला शंका असतील तर डॉक्टरांशी किंवा आमच्याशी बोलावे. आणि ज्या कुटुंबाने पूर्वी नकार दिला, ते हा फलक मान वर करून वाचू शकते. यमक नाही, हे खरे. 'दान' आणि 'महान' यांचे यमक मराठीत इतके सहज जुळते की पेटीतल्या अकरा चिठ्ठ्यांत ते होते. त्याची कोणाला आठवण येणार नाही.

त्याच बैठकीत आणखी काही वाक्ये पक्की झाली. नोंदणीच्या टेबलावरच्या पाटीवर राहील: 'एक सही माझी, एक सही घरच्यांची.' हे अर्जातल्या खऱ्याखुऱ्या रकान्यावरून आले आहे, त्यामुळे ते सूचनेचेही काम करते. वाडीतील प्रार्थनासभांसाठी दिलेल्या पत्रकावर असेल: 'विचारा, ऐका, आणि जे ठरेल त्याचा मान राखा.' येथे आज्ञार्थ आहे, पण तो दान मागत नाही, ऐकायला सांगतो. देवळाच्या आतील सूचना फलकासाठी एका शिक्षिकेने लिहिलेले वाक्य आम्हाला फार आवडले: 'देह देवाची देणगी. तिच्यातून एक देणगी देण्याची माझी इच्छा आहे.' येथे देह मोलाचा ठरतो आणि देणारा स्वतःविषयी बोलतो.

नेत्रदानाचे वाक्य वेगळ्या प्रकारचे हवे, कारण तिथे वेळ थोडा असतो आणि घरच्यांनीच हालचाल करायची असते. 'अंधाला दृष्टी द्या' हे वाक्य भावना हलवते, पण रात्री दोन वाजता घरात मृत्यू झाला तर काय करायचे ते सांगत नाही. मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके चांगले, पारपटल घ्यावे लागते. नेत्रपेढीचे लोक घरी येतात; पंधरा-वीस मिनिटांचे काम असते, आणि चेहरा विद्रूप होत नाही. तोपर्यंत घरच्यांनी पंखा बंद करावा, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे आणि डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार ठेवावा. चष्मा होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, मधुमेह होता किंवा वय ऐंशीच्या वर होते, म्हणून नेत्रदान अडत नाही. एचआयव्ही, कावीळ ब व क, रेबीज, रक्तातील जंतुसंसर्ग अशा आजारांत मात्र डोळे घेत नाहीत. हे सारे फलकावर मावणार नाही, म्हणून फलकावर इतकेच: 'नेत्रदानाची इच्छा होती? सहा तासांच्या आत एक फोन.' आणि खाली मोठ्या अक्षरांत जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या राष्ट्रीय नेत्रदान पंधरवड्यात हा फलक लागेल. क्रमांक लावण्यापूर्वी युवकांनी तो रात्री एकदा स्वतः फिरवून पाहावा, कोणी उचलतो का. न लागणारा क्रमांक लिहिण्यापेक्षा फलक न लावलेला बरा.

काही वाक्ये हेतू चांगला असूनही आम्ही बाजूला ठेवली, त्यांची कारणे सांगणे योग्य होईल. समर्थ रामदासांची कीर्तिरूपाने उरण्याविषयीची ओळ बदलून अवयवांना लावलेली घोषणा आता गावोगाव दिसते. आपल्याही पेटीत ती तीनदा आली. तिच्यातला विचार असा की माणूस दुसऱ्याच्या शरीरात जगत राहतो. दुःखी कुटुंबाला याचा क्षणभर आधार वाटतो, पण पुढे ते त्या 'दुसऱ्या'चा शोध घेऊ लागते. आपल्याकडे दाता आणि ग्राही यांची ओळख एकमेकांना कळू देत नाहीत, आणि त्याला कारण आहे. ज्याला मूत्रपिंड मिळाले तो स्वतः एक वेगळा माणूस आहे. तो काही कोणाचा मुलगा होऊन परत आलेला नसतो. ते रोपलेले मूत्रपिंड पुढे काही वर्षांनी निकामी झाले, तर त्या आईने दुसऱ्यांदा शोक करायचा का? आपला माणूस प्रभूच्या हाती आहे, ही आपली श्रद्धा. दानाने एका अनोळखी माणसाला आयुष्य मिळाले, हे सत्य. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

व्यापाराचे शब्दही आम्ही टाळले: गुंतवणूक, परतफेड, मागणी-पुरवठा, 'आज द्या, उद्या मिळवा'. अवयवांची खरेदी-विक्री हा कायद्याने गुन्हा आहे, आणि गरीब माणसाचे मूत्रपिंड विकत घेतल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. ज्या कामाभोवती ही शंका घोटाळते, त्याच्या फलकावर बाजाराची भाषा शिरू देऊ नये. जाता जाता एक शंका दूर करतो: संमती दिल्यानंतर देह जपणे, अवयव काढणे यांचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडत नाही.

मोठ्यांच्या नावांचा उपयोगही जपून करावा. पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्याकडे पूर्वीपासून अवयवदानाचे कार्ड होते. जर्मनीतील एक डॉक्टर त्याचा उल्लेख आपल्या प्रचारात करीत असत. २०११ साली व्हॅटिकनकडून पत्र गेले की पोपपदी निवड झाल्यावर ते कार्ड लागू राहिलेले नाही, तेव्हा तो उल्लेख थांबवावा. पोपमहोदयांचा अवयवदानाला विरोध मुळीच नव्हता; नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांनी त्याला प्रेमाची साक्ष म्हणून गौरविले होते. पण आपले नाव फलकावर वापरायचे की नाही हाही संमतीचाच प्रश्न आहे. म्हणून आपल्या धर्मग्रामात ज्या घरांनी पूर्वी नेत्रदान केले, त्यांची नावे वा छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय कोठेही येणार नाहीत.

आणि फलक कोठे लावायचे? युवकांची सूचना दफनभूमीच्या फाटकावर लावण्याची होती. २ नोव्हेंबरला तिथे सारा धर्मग्राम येतो. आम्ही ती मान्य केली नाही. त्या दिवशी माणसे थडग्यांवर मेणबत्त्या लावायला येतात. ज्यांनी दान केले नाही, ज्यांना कोणी विचारलेही नाही, त्यांना फाटकातच 'तुम्ही द्यायला हवे होते' असे ऐकू येईल, शब्द कितीही सौम्य असोत. जिथे बोलणे होऊ शकते तिथे फलक असावा: सभागृहाबाहेर, चहाच्या टेबलाजवळ, विवाहपूर्व शिबिराच्या खोलीत. विवाहपूर्व शिबिराचे नाव ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या. पण नवरा-बायको एकमेकांचे सर्वात जवळचे नातेवाईक होणार असतात; वेळ आली तर सही त्यांनाच करावी लागणार.

नोंदणीचे टेबल ३ ऑगस्टलगतच्या रविवारी तिन्ही मिस्सांनंतर सभागृहाबाहेर असेल. अर्ज घरी नेऊन, घरच्यांशी बोलून पुढच्या रविवारी आणून दिला तरी चालेल. किंबहुना तसेच करावे असे आम्ही सुचवू. कायदा किंवा वैद्यकीय बाबींविषयी प्रश्न असतील त्यांना राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या १८००-११-४७७० या निःशुल्क क्रमांकावर विचारता येईल. घोषवाक्यांची पेटी आणखी दोन रविवार कार्यालयाजवळ राहील. वाडीत आपल्या बोलीत बोलण्यासाठी कोणाला एखादे वाक्य सुचले तर तेही टाकावे. आजपर्यंत आलेल्या सर्व चिठ्ठ्या प्रमाण मराठीत आहेत, आणि घरात आपण तसे बोलत नाही.